आई कुठे आहे?

परदेशात जाऊन राहणाऱ्या माणसांवरचा सिनेमा खरा आहे की नुसताच गोड, हे ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे. त्यात आई कुठे आहे ते बघायचं. विमानतळावर लोणच्याची बरणी हातात देऊन ती पडद्यावरून नाहीशी झाली, आणि मग शेवटी एकदम लग्नातच दिसली, तर समजावं की सिनेमा करणाऱ्याला घर सोडणं म्हणजे काय ते नीटसं माहीत नाही. नवा देश, पहिला बर्फ, न कळणारे उच्चार, बिघडलेला पहिला स्वयंपाक, हे सगळं कुणीही दाखवतं. वर्षा-दोन वर्षांत ते संपतंही. मागे राहिलेल्या आईचं काय करायचं हा प्रश्न मात्र दर वर्षी थोडा मोठा होतो. घरापासून लांब राहणाऱ्या कुटुंबांसाठी मला तरी हाच खरा विषय वाटतो.

हे लिहायला निमित्त झालं आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या एका निरोपाचं. एका काकांनी (नाव सांगत नाही, त्यांना कळलंच असेल!) 'स्वदेस' पुन्हा पाहिला आणि आम्हा परदेशातल्या सगळ्या भाचे-पुतण्यांना उद्देशून लिहिलं, "परत एकदा बघा रे सगळ्यांनी." 'स्वदेस' २००४ च्या डिसेंबरमध्ये आला. तेव्हापासून हा निरोप कुणाकडून ना कुणाकडून येतोच. म्हणून त्याचं उत्तर एकदा इथे सविस्तर लिहून टाकते. तीन-चार सिनेमांबद्दल बोलायचं आहे आणि शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं.

तर 'स्वदेस'. आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा मला मनापासून आवडतो. चरणपूर म्हणून जे गाव दाखवलंय ते बरंचसं आपलं वाईजवळचं मेणवली आहे. नाना फडणवीसांचा तो घाट दिसला की माझ्यासारख्या सातारकडच्या बाईचा निम्मा प्रतिकार तिथेच संपतो. स्टेशनवर पंचवीस पैशाला पाणी विकणारा तो मुलगा आला की अजूनही माझा घसा दाटतो. पण ज्याला "परत या" असं सांगायचं आहे त्याच्यासाठी पटकथेने गणित फार सोपं करून ठेवलंय, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मोहन भार्गवला आई-वडील नाहीत. ते अपघातात गेलेले आहेत. बायको नाही, शाळेत जाणारी मुलं नाहीत, बायकोची नोकरी नाही, घराचं कर्ज नाही. अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज तेवढा चालू आहे. असा माणूस परत येतो तेव्हा त्याला नासातली नोकरी आणि एक प्रकल्प सोडावा लागतो. ते थोडं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात दुसऱ्या कुणाचं आयुष्य मुळापासून उपटावं लागत नाही. माझ्या ओळखीत परत गेलेली तीन कुटुंबं आहेत. तिघांच्याही बाबतीत सर्वात अवघड गोष्ट निघाली ती नववी-दहावीतल्या मुलाची. त्या मुलाच्या दृष्टीने 'परत' जाणं नव्हतंच ते. आई-बाबा परत चालले होते, आणि तो मात्र देशांतर करत होता. म्हणजे आपण पंचविशीत जे हौसेने केलं ते त्याच्यावर पंधराव्या वर्षी लादलं गेलं. मोहनला असा मुलगा असता तर तो कॅरॅव्हॅनच्या मागच्या सीटवर कानाला हेडफोन लावून बसला असता, आणि गोवारीकरांना आणखी एक तास लागला असता. (आधीच तीन तासांच्या वर आहे.)

पण 'स्वदेस'मध्ये आई नाही असंही नाही. कावेरी अम्मा आहे. मोहनला तिने लहानपणी सांभाळलेलं आहे, आणि आई-वडील गेल्यावर त्याच्याकडून तिचा संपर्क तुटलेला आहे. तो तिला शोधायला येतो ते दिल्लीतल्या एका वृद्धाश्रमात. तिथे कळतं की गीता तिला आधीच गावी घेऊन गेली. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सर्वात खरं वाक्य या प्रसंगात आहे आणि ते कुणी बोलतच नाही. ज्या बाईने याला वाढवलं ती वृद्धाश्रमात होती आणि याला पत्ता नव्हता. नासातला हुशार मुलगा, वाईट मुळीच नाही, फक्त कामात होता. वर्षं कशी गेली कळलं नाही. हे आपल्यापैकी कुणाचंही होऊ शकतं. सिनेमा तिथे दोन मिनिटं थांबतो आणि पुढे कॅरॅव्हॅन, गाणी, वीजनिर्मिती याकडे वळतो. विजेचा दिवा लागल्यावर त्या म्हातारीच्या चेहऱ्यावरचा आनंद सगळ्यांच्या लक्षात आहे. वृद्धाश्रम कुणाच्याच लक्षात नाही, हे मी चारचौघांना विचारून पाहिलंय.

मोहन आला होता तो अम्माला अमेरिकेला न्यायला, हेही लोक विसरतात. ती नाही म्हणते. या वयात दुसऱ्या देशात रुजणं जमणार नाही असं सांगते. मग तो एकटा परत जातो, तिथे चैन पडत नाही, म्हणून कायमचा येतो. म्हणजे नीट पाहिलं तर 'स्वदेस'चा पेच देशसेवेच्या आधी "आई येत नाही, मग मी काय करू" हा आहे. काकांना मला हेच सांगायचंय की तुम्ही तो सिनेमा देशासाठी बघता आणि आम्ही तो अम्मासाठी बघतो. त्यामुळे आपण एकाच सिनेमावर रडतो, पण एकाच कारणाने रडत नाही.

आता याच्या अगदी उलट बाजूचा सिनेमा. 'ब्रुकलिन', २०१५ चा. कोल्म टोइबिन या आयरिश लेखकाच्या २००९ च्या कादंबरीवरचा, जॉन क्राउली यांनी दिग्दर्शित केलेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. आयर्लंडमधल्या एनिसकॉर्थी या छोट्या गावातली आयलिश नावाची मुलगी न्यूयॉर्कला नोकरीसाठी जाते. गावात तिला रविवारी एका खडूस बाईच्या दुकानात काम करण्यापलीकडे काही नाही. मोठी बहीण रोझ नोकरी करते, आईला सांभाळते, आणि तीच एका ओळखीच्या पाद्रीबाबांना पत्र लिहून धाकटीची सोय लावते. आपल्याकडे नाही का, एकाला पाठवायचं तर दुसऱ्याला मागे राहावंच लागतं. घरात हे कुणी बोलून ठरवत नाही, ते ठरतं. रोझ मागे राहते.

पहिल्या अर्ध्या तासात सगळं ओळखीचं आहे. बोटीवरची उलटी, घरून आलेली पत्रं पलंगावर बसून वाचताना फुटलेलं रडू, दुकानात गिऱ्हाइकाशी हसून बोलता न येणं. पाद्रीबाबा तिला रात्रीच्या हिशेबनिशीच्या वर्गात घालतात. यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. आयलिशचं घराचं दुःख हळूहळू कमी होतं ते घराची आठवण काढून नाही आणि विसरूनही नाही. तिला एक काम नीट यायला लागतं, परीक्षा पास होते, दुकानातल्या बायकांशी एक विनोद करता येतो, इटालियन मुलाच्या घरी जेवायला जायचं म्हणून मैत्रिणी तिला स्पॅगेटी गुंडाळायला शिकवतात. इतक्या बारीक बारीक गोष्टींनी माणूस रुजतो. माझ्या बाबतीत ती गोष्ट होती बँकेतल्या बाईला फोनवर न अडखळता माझं आडनाव एकदाच सांगता येणं. हसू नका!

आणि मग रोझ अचानक जाते. ती आजारी होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बोटीने पोचेपर्यंत सगळं होऊन जाणार, म्हणून आयलिशला अंत्यविधीला जाता येत नाही. फोनवर आईशी बोलणं होतं. ते बोलणं ज्यांनी कधी असा फोन घेतलाय त्यांनी एकट्याने बघू नये. आता आई त्या घरात एकटी आहे. काही दिवसांनी आयलिश महिन्याभरासाठी घरी जाते. जाण्याआधी तो इटालियन मुलगा, टोनी, तिच्याशी गुपचूप लग्न करून घेतो, कारण त्याला मनातून माहीत असतं की गेलेली माणसं परत येतातच असं नाही.

पुढची जी चाळीसएक मिनिटं आहेत, त्यांच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. परदेशातून सुट्टीला घरी गेलेल्या माणसाचं इतकं बिनचूक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आयलिश गावात येते तेव्हा तिचे कपडे, चाल, केस बदललेले आहेत आणि गावही तिच्याशी वेगळं वागतं. आई काय करते बघा. ती रडत नाही, "जाऊ नकोस" असं एकदाही म्हणत नाही. मैत्रिणीचं लग्न आयलिशच्या परतीच्या तारखेनंतर आहे, तर त्यासाठी थांबण्याचं तिच्या वतीने परस्पर ठरून जातं. रोझ जिथे हिशेब बघायची तिथे जरा मदत हवी असते, तिथे आयलिशला बसवलं जातं. एक चांगल्या घरचा, शांत स्वभावाचा, स्वतःचं घर मिळणारा मुलगा ओळखीचा होतो. जी नोकरी आणि जो नवरा या गावात नव्हता म्हणून ती गेली, ते दोन्ही आता गाव तिच्यापुढे ताटात वाढून ठेवतं. कुणी जबरदस्ती करत नाही. सगळे प्रेमानेच करतात.

आपल्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको. "अगं, कोथरूडला त्या कंपनीचं मोठं ऑफिस झालंय आता." "शेजारचा फ्लॅट निघालाय विकायला, सहज सांगितलं हो." सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं. त्यात कपट नसतं. आणि त्याच आठवड्यात आपल्यालाही वाटायला लागतं की का नाही? कारण सुट्टीतलं घर म्हणजे घराचा सर्वात चांगला भाग असतो. हवामान डिसेंबरचं असतं, सगळे भेटायला मोकळे असतात, आई आवडीचं करते, आणि आपल्याला कुठलंही बिल भरायचं नसतं. आयलिशने टोनीची पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलेली आहेत. तो ड्रॉवर बघून मी चरकले होते. लबाडी म्हणून नव्हे. दोन्ही घरं एकाच वेळी डोळ्यांपुढे उघडी ठेवता येत नाहीत, एकाचं पत्र मिटवूनच दुसऱ्यात राहता येतं, म्हणून.

शेवटी ती जुनी दुकानदारीण तिला बोलावते आणि तुझ्या लग्नाचं मला कळलंय असं सुचवते. गावाचा तो क्षुद्रपणा एका क्षणात तिच्या लक्षात येतो. ती आपलं लग्नानंतरचं आडनाव खणखणीत सांगते आणि निघते. काही लोकांना वाटतं की हा शेवट लेखकाने सोपा केला, एका दुष्ट बाईमुळे निर्णय झाला. मला तसं वाटत नाही. कुणीतरी धक्का दिल्याशिवाय असे निर्णय होतच नाहीत. महत्त्वाचं आहे ते त्यानंतरचं. आयलिश आईला सांगते की मी लग्न केलंय. आई विचारते, चांगला आहे का तो. मग म्हणते की मला आता झोपायचंय, निरोप आत्ताच घेऊ, पुन्हा नको. आणि खोलीचं दार लावून घेते. सकाळी ती बंदरावर येत नाही.

ही आई मला 'मदर इंडिया'पेक्षा मोठी वाटते. तिने एक मुलगी मातीत घातली, दुसरी समुद्रापार पाठवली, आणि घरात उरलेली शेवटची सत्ता तिने वापरली ती निरोप एकदाच घेण्यापुरती. पण सिनेमा इथेही तिला सोडून आयलिशबरोबर बोटीवर जातो. शेवटच्या दृश्यात न्यूयॉर्कचं ऊन आहे आणि भिंतीला टेकून उभी असलेली आयलिश टोनीची वाट बघते आहे. त्या वेळी एनिसकॉर्थीत सकाळचा चहा कुणी केला आणि किती कपांचा केला, हे बघायला सिनेमा थांबत नाही. म्हणून माझ्या चाचणीत 'ब्रुकलिन'ला शंभरपैकी नव्वद. सिनेमाने आईला खरं दाखवलं, आणि मग नाइलाजाने का होईना, एकटं सोडलं. आपण सगळे करतो तेच.

आता कुणी म्हणेल की १९५२ ची गोष्ट सोडा, आता रोज व्हिडिओ कॉल होतो. खरं आहे. मीरा नायर यांच्या २००६ च्या 'द नेमसेक'मध्ये कोलकात्याहून अमेरिकेत आलेल्या आशिमाला (तब्बू) वडील गेल्याचं फोनवर कळतं, आणि पंचवीसएक वर्षांनी नवरा गेल्याचंही फोनवरच कळतं, तेही त्याच देशातल्या दुसऱ्या गावाहून. फोनने अंतर कमी होतं. पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. आजही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून साताऱ्याला पोचायचं तर घरातून निघाल्यापासून दीड दिवस जातोच. त्या सिनेमात वडील गेल्यावर मुलगा गोगोल डोकं भादरून विमानतळावर येतो. आयुष्यभर ज्या रीतींना नाक मुरडलं त्यातली एक त्याला आपोआप आठवते. त्या दृश्याबद्दल अनेकांनी लिहिलंय, म्हणून मी इथेच थांबते.

तिसरा मार्ग उरतो. आपण परत जायचं नाही, आई एकटी राहायची नाही, तर आईलाच आणायचं. या विषयावर ली आयझॅक चुंग यांचा 'मिनारी' (२०२०) आहे. माझ्या आईबरोबर बघितलेला हा एकमेव सिनेमा आहे ज्यात ती मध्ये उठून भाजी निवडायला गेली नाही.

गोष्ट १९८० च्या दशकातली, आर्कान्सॉ राज्यातली. जेकब आणि मोनिका हे कोरियन जोडपं कॅलिफोर्नियातून तिकडे जमीन घेऊन आलेलं आहे. घर म्हणजे चाकांवरचा एक लांबट डबा. दोघं कोंबड्यांच्या उबवण केंद्रात कामाला आहेत, पिलांमधले नर-मादी वेगळे करायचं काम. जेकबला कोरियन भाज्या पिकवायच्या आहेत, कारण कोरियातून येणाऱ्या माणसांना त्या लागणारच हा त्याचा हिशेब आहे. (आपल्याकडे कढीपत्ता आणि मेथी विकून मोठी झालेली दुकानं आठवा, हिशेब चुकीचा नाही.) मुलाच्या हृदयाला छिद्र आहे, त्याला पळू द्यायचं नाही. घरी मुलांना बघायला कुणी नाही म्हणून मोनिकाच्या आईला कोरियातून बोलावतात.

आजी आल्यावर पिशव्या उघडते. लाल तिखट निघतं, वाळवलेले छोटे मासे निघतात, आणि मोनिकाला रडू फुटतं. एवढंच असतं तर तो लोणच्याच्या बरणीचाच प्रसंग झाला असता. पण आजी तिथून पुढे सिनेमाभर राहते, आणि ती कुणाच्या कल्पनेतली आजी नाही. तिला केक-बिस्किटं करता येत नाहीत. ती पत्ते खेळते, शिव्या देते, टीव्हीवर कुस्त्या बघते. लेकीने चर्चच्या ताटलीत टाकलेली शंभराची नोट ती हळूच उचलून घेते. नातू म्हणतो की हिला कोरियाचा वास येतो. ज्या नातवाने कोरिया पाहिलेलाच नाही, त्याने! माझ्या आईने इथे मान डोलावली. आमच्या धाकट्यानेही तिच्या ट्रंकेतल्या साड्यांबद्दल असंच काहीतरी नाक वर करून म्हटलं होतं, ते तिने चार वर्षं लक्षात ठेवलेलं मला तेव्हा कळलं.

दिग्दर्शकाने आजीचे फायदे मोजले आणि तिची किंमतही मोजली, हे या सिनेमाचं मोठेपण. ती ओढ्याकाठी मिनारीचं बी टाकते. ही पाण्याकाठी आपोआप वाढणारी पालेभाजी आहे. जेकब विहिरीसाठी, पाण्यासाठी, गिऱ्हाइकासाठी जिवाचं रान करतो आणि हिची भाजी कुणी न बघता वाढते. पण मग एका रात्री तिला पक्षाघात होतो. जी मुलांना सांभाळायला आली तिलाच सांभाळायची वेळ येते. एके दिवशी सगळे मुलाला डॉक्टरकडे घेऊन शहरात गेलेले असताना ती अर्ध्या अंगाने घरात मदत करायला जाते, कचरा जाळते, आणि ठिणगी उडून वर्षभराचा माल साठवलेली कोठी पेटते. जेकब आणि मोनिका माल वाचवायला धावतात, आणि ती म्हातारी मात्र पाठ फिरवून अंधारात रस्त्याने चालू लागते. कुठे जाणार? त्या देशात तिला ते एक घर सोडून काहीही माहीत नाही. नातू तिला अडवायला पळत सुटतो. ज्याला पळायची मनाई होती तो.

हा प्रसंग फार नाट्यमय आहे असं एका मित्राने म्हटलं. मला तो रोजचा वाटतो. आगी लागत नाहीत, पण आपल्याकडे आलेल्या आई-वडिलांना "आपण इथे ओझं झालो" हे वाटायला कोठी जळावी लागत नाही. अमेरिकेतल्या गाडीशिवाय काही न होणाऱ्या उपनगरात सहा महिने राहिलेल्या कुणाही सासूबाईंना विचारा. पहिला महिना कौतुकाचा, दुसरा स्वयंपाकघर आवरण्याचा, आणि तिसऱ्या महिन्यात त्या खिडकीशी बसून कुरियरची गाडी किती वाजता येते ते पाठ करतात. नातवंडं शाळेत, लेक-जावई कामावर. चुकून अलार्म वाजला, गॅस चालू राहिला, की त्यांचा चेहरा त्या आजीसारखा होतो.

यात आणखी एक पात्र आहे, जे कुठल्याच सिनेमात दिसत नाही. कागदपत्रं. घरी बसलेल्या नातेवाइकांना हे खरंच माहीत नसतं म्हणून लिहिते. आई-वडिलांना कायमचं बोलवायचं असेल तर मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असावी लागते, नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही. आणि भारतीयांना नोकरीच्या वाटेने ते कार्ड मिळायलाच इतकी वर्षं लागतात की नागरिक होईपर्यंत आई-वडील प्रवास करण्याच्या वयाचे राहत नाहीत. तोवर ते पाहुणे म्हणून येतात, एका खेपेला साधारण सहा महिने. पाहुण्यांचा जो आरोग्यविमा मिळतो त्यात जुन्या दुखण्यांना सहसा जागा नसते, आणि पंचाहत्तरीत जुनं नसलेलं दुखणं कुठून आणायचं? 'मिनारी'तल्या आजीच्या आजारपणाचं बिल सिनेमात कुठेच येत नाही. मी ते पहिल्यांदा बघताना मनातल्या मनात बेरीज करत होते, खरं सांगते. तेव्हा "आईला घेऊन का नाही जात?" असं विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

सिनेमा संपल्यावर आईने मला विचारलं, "मग ती म्हातारी पुढे परत गेली का गं?" सिनेमात ते सांगितलेलं नाही. शेवटाकडे एका रात्री सगळे जमिनीवर एकमेकांना लागून झोपलेले आहेत आणि आजी खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघते आहे, तिथेच तिचं दिसणं संपतं. त्यानंतर बाप-लेक ओढ्यावर जाऊन तिची भाजी खुडतात. मी म्हटलं, "माहीत नाही." आई म्हणाली, "मला तर वाटतं गेली असावी." त्यावर मी काही बोलले नाही. त्या खेपेला आईने परतीची तारीख तीन आठवडे अलीकडे घेतली. कारण दिलं ते गौरी-गणपतीचं.

मालिकांबद्दल थोडक्यात. 'फ्रेश ऑफ द बोट' आणि टोरंटोतल्या कोरियन दुकानदाराची 'किम्स कन्व्हिनियन्स' या दोन्ही मी आवडीने पाहिल्या, पण विनोदी मालिकेला दर आठवड्याला सगळी माणसं त्याच खोलीत लागतात, त्यामुळे मागे राहिलेल्या माणसांचा प्रश्न तिथे फारसा येऊच शकत नाही. पहिलीत आजी आहे, आणि तिला इंग्रजी बोलायचंच नाही, हे तिने ठरवल्यासारखं दाखवलंय, ते मला झकास वाटतं. कॉलेजात गेलेल्या मुलांना मात्र 'मास्टर ऑफ नन'च्या पहिल्या भागातला (२०१५) 'पेरेंट्स' नावाचा दुसरा एपिसोड जरूर दाखवा. अर्ध्या तासाचा आहे. अझीझ अन्सारीने त्यात स्वतःच्या खऱ्या आई-वडिलांनाच आई-वडील केलंय. मुलांनी आपल्या आई-बापांना कधी काही विचारलेलंच नसतं, एवढाच त्याचा विषय. आमच्या थोरल्याने तो पाहून मला विचारलं की तू इथे आलीस त्या पहिल्या रात्री काय जेवलीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा. (दूध आणि केळं.)

आणि आई-सासूबाई येणार असतील तर त्या यायच्या आधी 'इंग्लिश विंग्लिश' तुम्ही बघून ठेवा, त्यांना दाखवायची गरज नाही. पुण्याच्या शशी गोडबोले कॉफीच्या दुकानात ज्या मुलीपुढे गोंधळतात, ती मुलगी काही फार वाईट नाही, तिला फक्त घाई आहे. आपल्यालाही तेवढीच घाई असते. शशीला चार आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग मिळाला, तिथे तिची स्वतःची माणसं झाली. आमच्या गावच्या लायब्ररीत असा फुकट वर्ग दर मंगळवारी असतो. आई पुढच्या खेपेला आली तर तिला तिथे सोडायचं असं ठरवलंय. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "बघू. तुझ्या त्या आजीसारखी कुस्ती बघायला मिळेल का तेवढं सांग."